न काढलेला फोटो : गिरगावच्या चाळीचं चित्र आणि अध्यक्षांचं भाषण

दादरच्या आमच्या छायाचित्रण मंडळाच्या वार्षिक स्पर्धेत यंदा 'मुंबई' विभागात पहिलं आलेलं चित्र कुणीही कॅमेऱ्याने काढलेलं नव्हतं. यात फसवणूक मुळीच नव्हती, म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवावंसं वाटतं. चित्र पाठवणारे काका मंडळाचे सगळ्यात जुने सदस्य. प्रवेशिकेवरच्या 'तंत्र' या रकान्यात त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : वर्णन देऊन संगणकाकडून तयार करून घेतलेलं चित्र. आमच्याकडे परीक्षण नाव झाकून होतं आणि त्याबरोबर तो रकानाही झाकला जातो. बाहेरून आलेल्या तिन्ही परीक्षकांनी समोर दिसलं त्याला गुण दिले. निकालाच्या याद्या जुळवताना कार्यकारिणीचं रकान्याकडे लक्ष गेलं. नियमावली काढून पाहिली, तर असं चित्र चालत नाही असं त्यात कुठेच नव्हतं.

चित्र होतं गिरगावातल्या एका चाळीचं. पहाटेची वेळ, लाकडी गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेली नऊवारी, खाली रस्त्यावरून जाणारी ट्राम, दुकानांच्या पाट्या. काकांचं बालपण ज्या चाळीत गेलं ती पाडून तिथे आता टॉवर उभा आहे. गुडघ्यांमुळे त्यांचं बाहेर पडून फोटो काढणं बंद झालंय. नातवाने फोनवर हे साधन दाखवलं, तेव्हा आठवेल ते सांगत आणि सुधारत त्यांनी चित्र घडवलं. मंडळातल्या बऱ्याच जणांना ते मनापासून आवडलं होतं. कार्यकारिणीत मात्र बरोबर निम्मी मतं इकडे आणि निम्मी तिकडे पडली, आणि विषय सर्वसाधारण सभेपुढे गेला. मतदानाआधी अध्यक्षांनी आपली बाजू मांडावी असं ठरलं.

आमच्या अध्यक्ष फोर्टातल्या एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये अनेक वर्षं प्रिंट काढत होत्या. सगळे त्यांना ताई म्हणतात. तयार केलेली चित्रं छायाचित्रं नव्हेत हे त्यांचं मत सर्वांना माहीत होतं. पण भाषणाची सुरुवात त्यांनी आपल्याच बाजूची कच्ची कारणं मोडून काढत केली.

"यात कष्ट नाहीत, असं काही जण म्हणतात," त्या म्हणाल्या. "काकांनी या चित्रावर जेवढा वेळ घालवलाय तेवढा तुमच्यापैकी किती जणांनी घातला? कष्ट मोजून फोटो ठरत नाही. कधीकधी सेकंदाच्या शंभराव्या भागात फोटो होतो. दुसरं कारण सांगतात की यात फेरफार आहे. फेरफार तर आपल्या कलेइतकाच जुना आहे. ऑस्कर रेइलँडर या छायाचित्रकाराने १८५७ साली तीसहून जास्त निगेटिव्ह जोडून एक मोठं दृश्य उभं केलं होतं. आपल्याकडच्या स्टुडिओंमध्ये कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरून साडीचे काठ रंगवायचे. तिसरं कारण, फोटो खरं बोलतो. तेही सोडून द्या. फ्रान्समधल्या बायार्डने १८४० मध्ये आपण बुडून मेलोय असा स्वतःचाच फोटो काढला आणि मागे तसा मजकूर लिहिला. तो जिवंत होता. फोटो खोटं सांगत होता, तरी तो फोटोच होता."

सभागृहात थोडी चुळबुळ झाली, कारण चित्राच्या विरोधकांना वाटलं की ताईंनी मैदान सोडलं. मला मात्र वाटतं, भाषणाची सगळी ताकद या सुरुवातीत होती. या तीन कारणांवर टेकून जो नियम केला जाईल तो पहिल्याच हुशार सदस्यासमोर कोसळेल.

मग त्यांनी विचारलं, या सगळ्या जुन्या उदाहरणांत समान काय आहे? रेइलँडरच्या प्रत्येक तुकड्यातला माणूस कधीतरी कॅमेऱ्यासमोर उभा होता. बायार्ड स्वतः डोळे मिटून बसला होता. साडीवर रंग भरला, तरी ती बाई स्टुडिओत आली होती. कॅमेरासुद्धा सक्तीचा नाही. ॲना ॲटकिन्सने १८४३ पासून समुद्रशेवाळं थेट सायनोटाइपच्या, म्हणजे उजेडाने निळ्या पडणाऱ्या, कागदावर ठेवून उन्हात त्यांचे ठसे घेतले. भिंग नाही, पेटी नाही, तरीही आपण तिला छायाचित्रणाच्या इतिहासात मानाने बसवतो. कारण शेवाळं तिथे होतं आणि उजेडाने त्याची खूण उमटवली. "माझ्यापुरती अट एवढीच," ताई म्हणाल्या. "एखादी वस्तू असावी, तिच्याकडून आलेला उजेड असावा, आणि त्या उजेडाने त्या वेळी कशावर तरी खूण सोडलेली असावी. पुढे तुम्ही कितीही खेळ करा."

यानंतर काकांचं चित्र कसं तयार झालं ते त्यांनी साध्या भाषेत सांगितलं. अशा साधनाला आधी मजकूर जोडलेली प्रचंड संख्येची चित्रं दाखवलेली असतात. कुठल्या शब्दांबरोबर कशी रूपं येतात हे त्यातून ते शिकतं. चित्र मागितलं की बहुतेक साधनं निव्वळ विस्कळीत ठिपक्यांपासून, म्हणजे नॉइजपासून सुरुवात करतात आणि पायरीपायरीने नॉइज कमी करत दिलेल्या शब्दांशी जुळणाऱ्या रूपाकडे जातात. या प्रवासात गिरगावातली कुठलीच सकाळ कुठेही आत येत नाही.

इथे एका तरुण सदस्याने हात वर केला. त्याची हरकत मला दिवसभरातली सगळ्यात चांगली वाटली. तो म्हणाला, "ताई, ज्या चित्रांवरून ते शिकलंय त्यात लाखो खरे फोटो आहेत. म्हणजे खऱ्या वस्तूंचा उजेड आत गेलेलाच आहे. फक्त खूप जणांचा मिळून."

ताई थोडा वेळ थांबल्या. "गेलाय, मान्य. पण बाहेर आलेल्या या ट्रामकडे बोट दाखवून मी विचारलं, ही ट्राम कुठल्या दिवशी गेली, तर उत्तर देणारं कुणी नाही. तू काढलेल्या कुठल्याही फोटोला हा प्रश्न विचारता येतो. तुला तारीख आठवत नसेल, पण तारीख होती. फोटोला एक केव्हा आणि एक कुठे असतंच. या चित्राला ते नाही, आणि कितीही चांगलं केलं तरी येणार नाही."

मग त्यांनी ते चित्र पडद्यावर मोठं केलं. काकांची परवानगी आधीच घेतली होती. ट्राम विजेची होती, पण वर तार नव्हती. मुंबईत विजेच्या ट्राम १९०७ पासून धावल्या आणि ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. त्या सगळ्या काळात त्यांना वीज मिळायची ती डोक्यावरच्या तारेतून. चित्रात रुळांची एक जोडी चाळीच्या ओट्याखाली जाऊन नाहीशी होत होती. पाट्यांवर शिरोरेघा होत्या, काने होते, वेलांट्या होत्या, पण एकही शब्द वाचता येत नव्हता. गॅलरीच्या कठड्याचे गज एका खांबापर्यंत लाकडी आणि पुढे लोखंडी होते.

आता ताई जिंकल्या असं अनेकांना वाटलं असणार. त्यांनी स्वतःच तो विजय नाकारला. "या चुकांमुळे मी हे चित्र बाद करत नाहीये. पुढच्या वर्षी तार येईल, पाटीवर नीट मराठी येईल, रूळ सरळ होतील. काही साधनांत आत्ताच येतंय. चुका शोधून तुम्ही नियम चालवलात, तर चूक नसलेलं चित्र आपोआप फोटो ठरेल. आणि तेच जास्त धोक्याचं. पन्नास वर्षांनी गिरगावाचा अभ्यास करणारी एखादी मुलगी या चित्रावरून चाळीचे कठडे कसे होते ते लिहील."

मग त्यांनी शेजारी दुसरा फोटो लावला. काकांनीच सत्तरच्या दशकात त्याच चाळीचा अ‍ॅग्फा क्लिक थ्रीवर काढलेला. मऊ, कडा किंचित ढळलेल्या, उजवीकडे जास्त उजेड खाल्लेला. परीक्षकांपुढे आला असता तर कदाचित बादही झाला असता. त्यात दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून एक मुलगा दाताने काहीतरी सोलतोय. ताईंनी विचारलं, "काका, हा कोण?" काका म्हणाले, फोटो काढताना तो दिसलाच नव्हता, प्रिंट आल्यावर कळलं. कोपऱ्यातल्या खोलीतल्यांचा धाकटा. हल्ली डोंबिवलीला असतो.

तयार केलेल्या चित्रातही न मागितलेल्या गोष्टी येतातच, असं कुणीतरी म्हणालं. ताई म्हणाल्या, येतात. पण त्यांच्याबद्दल चौकशी करता येत नाही. त्या मुलाला मात्र आजही फोन करून विचारता येईल की तेव्हा काय खात होतास. फोटो काढणाऱ्याला जे माहीत नव्हतं तेही फोटोत शिल्लक राहतं आणि पुढे कुणीतरी ते शोधून काढू शकतं. मंडळ म्हणून आपण जपतो ते हेच, असं त्या म्हणाल्या. मला वाटतं, 'फोटो म्हणजे कला की नोंद' या आमच्या जुन्या वादाला मंडळात पहिल्यांदाच इतकं नेमकं उत्तर मिळालं. कला असली तरी नोंदीचा हा भाग तिच्यातून काढता येत नाही.

बाहेरच्या जगातली दोन उदाहरणं त्यांनी थोडक्यात सांगितली. २०२३ मध्ये जर्मन कलाकार बोरिस एल्डाग्सन यांचं संगणकाने तयार केलेलं चित्र सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये एका विभागात विजयी ठरलं आणि त्यांनी पुरस्कार नाकारला. पुढच्या वर्षी माइल्स ॲस्ट्रे यांनी उलटं केलं. डोकं पिसांत खुपसल्यामुळे बिनडोक्याचा दिसणारा फ्लेमिंगो, अगदी खरा फोटो, त्यांनी एका स्पर्धेच्या एआय विभागात पाठवला. तो तिथे तिसरा आला, लोकांच्या मतांतही जिंकला आणि खरं कळल्यावर बाद झाला. ताईंच्या मते बाद करणं योग्यच होतं. रेषा आखायची तर ती दोन्ही बाजूंनी पाळली पाहिजे.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचाही त्यांनी उल्लेख केला. त्यात छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारी व्यक्ती. संगणकनिर्मित कलाकृतीसाठी १९९४ च्या दुरुस्तीने वेगळं कलम घातलं आणि ती निर्माण व्हायला जो कारण झाला त्याला कर्ता म्हटलं. तेव्हा आजची साधनं कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हती, त्यामुळे या आधारावर फार भार टाकू नका, असंही त्यांनी बजावलं. मात्र दोन वेगळ्या कामांना दोन वेगळे कर्ते असू शकतात, एवढं कायद्यालाही कळलेलं आहे.

इथपर्यंत सभा बहुतांशी ताईंच्या बाजूने झुकली होती. खरी अडचण पुढे आली, दुसऱ्या एका प्रिंटवरून. एका सदस्याने शिवडीच्या चिखलावरचे फ्लेमिंगो काढले होते. मागे अटल सेतूचे खांब येत होते. फोटोशॉपमधलं जनरेटिव्ह फिल निवडलेल्या जागेत नवं चित्र बनवून भरतं. त्याने ते वापरून खांब पुसले आणि उजवीकडे चौकट वाढवून घेतली. वाढवलेल्या जागेत सात-आठ पक्षी आपोआप आले. त्याने हे लपवलं नव्हतं, पण सांगावंसंही त्याला वाटलं नव्हतं. चित्रातला बहुतेक भाग त्याच्या सेन्सरवर खरोखर उमटलेला होता. मग हा फोटो की नाही?

पक्ष्यांवर काम करणाऱ्या एका सदस्याने उठून उजवीकडच्या पक्ष्यांच्या चोची दाखवल्या. शिवडीला येतात त्यात बहुसंख्य लहान फ्लेमिंगो, आणि त्यांची चोच गडद, काळपट लाल असते. मोठ्या फ्लेमिंगोची चोच गुलाबी आणि फक्त टोकाला काळी. मोठेही इथे येतात, पण ते उंचीने स्पष्ट वेगळे दिसतात. इथे गुलाबी चोचीचे पक्षी शेजारच्या लहानांच्याच उंचीचे होते. शिवाय ओहोटीनंतरच्या सुकत आलेल्या चिखलावर त्यांची प्रतिबिंबं आरशासारखी पडली होती.

ताईंनी इथे आपली अट पुन्हा लावून दाखवली. नॉइज कमी करणारं सॉफ्टवेअर चालेल, कारण ते आलेल्या उजेडावरच काम करतं. डॉजिंग-बर्निंग, म्हणजे प्रिंटचे भाग उजळ किंवा गडद करणं, आणि फोकस स्टॅकिंग, म्हणजे वेगवेगळ्या फोकसचे फोटो जोडणं, चालेल. स्वतःच्याच दुसऱ्या फोटोतलं आकाश जोडणं खुल्या विभागात चालेल, पण तसं लिहावं लागेल. निसर्ग विभागात ते चालणार नाही, कारण तिथे आंतरराष्ट्रीय संघटनांची व्याख्या घटक घालायला, हलवायला किंवा काढायला आधीपासूनच मनाई करते. वाढवलेल्या चौकटीतले पक्षी मात्र शिवडीला आलेच नव्हते, म्हणून ती प्रिंट बाद. खांब काढल्यावर तिथे भरलेला चिखलही बनवलेलाच. सेन्सरवरच्या धुळीचा डाग किंवा एखादी बारीक तार जनरेटिव्ह फिलने काढली, तर खुल्या विभागात दुर्लक्ष करावं, असं त्यांनी सुचवलं.

या शेवटच्या सवलतीशी मी सहमत नाही आणि सभेतही तसं बोललो. डाग काढायला साधं क्लोन आणि हीलिंगचं टूल आहे. ते शेजारचाच पिक्सेल उचलतं, म्हणजे त्याच फोटोतला उजेड वापरतं. जनरेटिव्ह फिलला 'बारीक' एवढीच मुभा दिली, तर बारीक किती हे ठरवायला दर महिन्याला सभा घ्यावी लागेल. ताईंची अट जागेच्या आकारावर अवलंबून नाही, त्यामुळे अपवादही आकारावरून ठरू नये. मतदानात माझी दुरुस्ती थोड्या फरकाने मंजूर झाली. ताईंनी ती मोकळ्या मनाने स्वीकारली.

नियम केला तरी तपासायचं कसं, यावर बराच वेळ गेला. नुसतं बघून ठरवणं ताईंनी आधीच नाकारलं होतं. चित्र खरं की बनवलेलं हे सांगणारी सॉफ्टवेअर्स चुकतात आणि निर्दोष सदस्याला आरोपी करतात, म्हणून तीही नकोत. कॅमेरा फाइलमध्ये आपोआप लिहितो ती एक्झिफ माहिती कुणीही हाताने बदलू शकतो. कॅमेऱ्यातच सहीसारखी डिजिटल खूण उमटवण्याची सोय आता काही महाग कॅमेऱ्यांत आहे. लायकाने ती २०२३ मध्ये एम११-पीमध्ये पहिल्यांदा दिली. पण २०२५ मध्ये निकॉनच्या झेड६-थ्रीमध्ये बहुउद्भासनाच्या, म्हणजे मल्टिपल एक्स्पोजरच्या वाटेने, खूण नसलेल्या चित्रावरही सही उमटवून घेता येते असं उघड झालं. कंपनीला सेवा थांबवून आधीची प्रमाणपत्रं रद्द करावी लागली. आमच्या सदस्यांपैकी बहुतेकांकडे असे कॅमेरे नाहीतच.

शेवटी मार्ग निघाला तो डार्करूमच्या काळातला. तेव्हा शंका आली तर परीक्षक निगेटिव्हची पूर्ण पट्टी मागायचे. म्हणजे निवडलेल्या चौकटीच्या आधीच्या आणि नंतरच्या चौकटीही दिसायच्या. आता विजयी सदस्याकडून मूळ रॉ फाइल, म्हणजे सेन्सरवर उमटलेली प्रक्रिया न केलेली नोंद, आणि तिच्या आधीची व नंतरची अशा दोन फाइल मागायच्या. बनवलेल्या चित्राला शेजारी नसतात, आणि खोटे शेजारी उभे करायचे तर फ्लेमिंगोंची मान, भरतीची रेषा, सावलीची लांबी या सगळ्यांचा मेळ तिन्हीत घालावा लागतो. अशक्य नाही, पण मंडळाच्या स्पर्धेसाठी कुणी इतकी मेहनत घेईल असं वाटत नाही. डीएनजी या रॉच्याच एका प्रकारातली फाइल दिली तर ती थेट कॅमेऱ्यातून आली आहे का, हे विचारायचं ठरलं. लाइटरूमच्या नॉइज कमी करण्याच्या प्रक्रियेतूनही डीएनजी बाहेर पडू शकते, आणि साध्या जेपेगचीही डीएनजी करता येते. रॉसारखं नाव आहे म्हणून मूळ फाइल ठरत नाही.

काकांचं चित्र स्पर्धेतून निघालं आणि दुसऱ्या क्रमांकाचा फोटो पहिला झाला. प्रदर्शनात मात्र ते वेगळ्या पॅनेलवर लावलं. काकांनीच मजकूर लिहून दिला : आठवणीवरून संगणकाने तयार केलेलं चित्र, यात दाखवलेला दिवस कधी घडला नाही. शेजारी त्यांचा क्लिक थ्रीवरचा फोटो, खाली अंदाजे वर्ष आणि त्या मुलाच्या खोलीचा नंबर. काका नाराज झाले का, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, पहिला नंबर गेल्याचं वाईट वाटलं, पण त्या चाळीचे आणखी निगेटिव्ह घरी ट्रंकेत आहेत, आणि ते स्कॅन करायला कुणी मदत करणार असेल तर सांगा. दोन तरुण सदस्यांनी ते काम घेतलंय.

फोनचा विभाग अजून लटकलेला आहे. २०२३ मध्ये सॅमसंगच्या फोनवरून वाद झाला होता. मुद्दाम धूसर केलेल्या चंद्राच्या चित्राचा फोटो काढला तरी फोन त्यात नसलेले तपशील भरत होता. म्हणजे बटण दाबणाऱ्याला न विचारता, न सांगता, कॅमेऱ्याच्या आतच ताईंची अट मोडली जाऊ शकते. महाग फोनवर रॉ काढता येतो, स्वस्त फोनवर बऱ्याचदा नाही, आणि आमच्या निम्म्या नव्या सदस्यांकडे स्वस्त फोनच आहेत. रॉ सक्तीचा केला तर तेच बाहेर पडतील. सध्यापुरतं असं ठरलंय की फोन विभागात शेजारच्या दोन चौकटी पुरतील, चंद्राचे फोटो घ्यायचे नाहीत, आणि पोर्ट्रेट मोडमधला पार्श्वभूमीचा धूसरपणा पुढच्या सभेत स्वतंत्र विषय म्हणून घ्यायचा.